दाराशी काढलेल्या चपला

प्रश्न: मी फिजिओथेरपिस्ट आहे. पुढच्या महिन्यात कोथरूडमधल्या एका ज्येष्ठ नागरिक संघात ‘घरात पडणं कसं टाळावं’ यावर पंचवीस मिनिटं बोलायचं आहे. मागे दुसऱ्या एका संघात व्याख्या आणि आकडेवारीने सुरुवात केली, तर पाच मिनिटांत पुढच्याच रांगेत डुलक्या सुरू झाल्या. या वेळी सुरुवात प्रश्नाने करू, छोट्या गोष्टीने की एखाद्या धक्कादायक आकड्याने? आणि व्यासपीठावरच्यांची नावं आधी घ्यायचीच असतात का?

प्रश्नाने करा. मात्र तो प्रश्न घरी बसून पूर्ण लिहून होणार नाही, त्यातला थोडा भाग हॉलवर पोचल्यावरच भरावा लागेल. कसा, ते सांगतो. आधी आकडा आणि गोष्ट या दोन वाटांनी थोडं चालून पाहू, कारण त्या तुमच्या सभेत कुठे अडतात हे दिसलं की प्रश्न कसा असायला हवा तेही दिसतं.

मी बावीस वर्षं पुण्यात लोकांची भाषणं बसवून देतो. डॉक्टर, इंजिनिअर, बँकेतले अधिकारी, म्हणजे बोलणं हा ज्यांचा धंदा नाही अशी माणसं. त्यांना मी सुरुवातीबद्दल आधी काही विचारतच नाही. विचारतो ते एवढंच, की तुमचं ऐकून घरी गेलेल्या माणसाने त्याच संध्याकाळी कोणती एक गोष्ट करायची? तुमच्या विषयात अशा पाच-दहा गोष्टी असणार. बाथरूममध्ये दांडी बसवून घेणं, सरकणारं पायपुसणं काढून टाकणं, रात्री उठल्यावर लगेच न चालता पलंगाच्या कडेला थोडं बसणं, झोपेच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोलणं. पंचवीस मिनिटांत त्यातल्या बऱ्याच सांगून होतील, पण सुरुवातीची गाठ एकीशीच मारता येते. तुमच्या जागी मी ‘एका पायावर उभं राहून काही घालू-काढू नका, बसून घाला’ ही निवडली असती. तिला खर्च नाही, सुतार लागत नाही, मुलाच्या मागे लागावं लागत नाही. आणि समोर बसलेल्या बऱ्याच जणांनी आज सकाळीच ते नको तसं केलेलं असतं, ही त्यातली खरी सोय आहे.

आता आकडा. तुमच्याकडे एक चांगला आकडा आहेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर वर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात आणि अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरच्या अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो. तुम्हाला तो धक्कादायक वाटतो, कारण तुम्ही या क्षेत्रात आहात. सभेला वाटणार नाही. माणूस चकित कधी होतो? त्याच्या मनात आधीपासून काहीतरी अंदाज असतो आणि तो खोटा ठरतो तेव्हा. जगात किती लोक पडून मरतात याबद्दल कोथरूडमधल्या आजोबांचा काही अंदाजच नसतो. सहा लाखांऐवजी तुम्ही साठ हजार म्हणालात तरी ते तेवढीच मान हलवतील.

मग आकडा जवळ आणू असं वाटतं. पासष्टीपुढच्या साधारण तिघांतला एक जण वर्षातून एकदा तरी पडतो, हे सगळीकडे सांगितलं जातं आणि ते खरं आहे. एका डॉक्टरांचं भाषण बसवताना आम्ही हेच वापरलं होतं: “तुमच्या रांगेतल्या शेजारच्या दोन खुर्च्या बघा, तुम्ही धरून तिघे झालात.” लोकांनी उत्साहाने शेजारी बघितलं. आणि प्रत्येकाने मनात ठरवून टाकलं की तो एक म्हणजे शेजारचा. मी मागच्या रांगेत बसलो होतो. माझ्या पुढच्या दोन काकू एकमेकींकडे बघून हसत होत्या, आणि दोघींचं बोट दुसरीकडे होतं.

घाबरवणाऱ्या आकड्याचं आणखी एक दुखणं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पडण्याची भीती बसली की माणूस हिंडणं-फिरणं कमी करतो, त्याने पाय आणखी अशक्त होतात आणि पडण्याची शक्यता वाढते. म्हणजे पहिल्याच वाक्याने तुम्ही ज्यावर बोलणार तो आजार थोडा वाढवून ठेवाल. आकडा ठेवा, पण दहाव्या-बाराव्या मिनिटाला, जेव्हा त्यांच्या हातात एक उपाय आलेला असेल.

गोष्टीकडे येऊ. तुमच्या पेशंटपैकी कुणीतरी असा असेलच. रोज पहाटे पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढणारा, सत्तरी पार केलेला ताठ माणूस. पर्वतीवर कधी ठेच लागली नाही, आणि एका सकाळी स्वतःच्या पलंगाशेजारी, सपाट फरशीवर, पायजम्यात एक पाय घालताना आडवा झाला. गोष्ट म्हणून ही उत्तम आहे, कारण तिच्यात ऐकणाऱ्याचा अंदाज मोडतो. पर्वती चढणारा पडणार नाही, असं आपण सगळेच धरून चालतो. शिवाय ती चार वाक्यांत संपते. सुरुवातीच्या गोष्टीला एवढंच हवं: एक माणूस, एक जागा, एक गोष्ट बिघडणं, आणि ‘का’ हे सांगायच्या आत थांबणं. ‘ते लहानपणापासून व्यायामाचे शौकीन होते, बँकेतून निवृत्त झाले, मुलगा अमेरिकेत’ अशी प्रस्तावना जोडली की ती गोष्ट न राहता स्थळ सांगून आल्यासारखी होते.

तरीही ही गोष्ट तुमच्या सभेत पहिल्या मिनिटाला नको, असं मी म्हणेन. कारण पुणं. कोथरूडचा संघ, पर्वती चढणारे, पलंगाशेजारी पडलेले, तुमच्याकडे उपचार घेतलेले, चौथ्या वाक्याला तिसऱ्या रांगेतून आवाज येणार, “अहो, म्हणजे आपले अमुकअमुक!” मग पुढची पाच मिनिटं हॉल त्या गृहस्थांच्या खुब्याच्या ऑपरेशनबद्दल बोलत राहील. तुम्ही रुग्णाचं गुपित फोडलंत ही गोष्ट तर त्याहून वाईट. त्यांची परवानगी घ्या, पर्वतीच्या जागी हनुमान टेकडी करा, ओळख पटेल असं सगळं बदला आणि गोष्ट मधल्या भागात वापरा. आणि असा पेशंट नसेल तर बेतू नका. प्रश्नोत्तरांच्या वेळी कुणीतरी त्याच्याबद्दल आणखी विचारणारच. तेव्हा तुम्हाला उभ्या-उभ्या पुढचं रचावं लागेल आणि ते चेहऱ्यावर दिसेल.

राहिला प्रश्न. इथे लोक सगळ्यात जास्त घसरतात, कारण प्रश्नचिन्ह लावलं की झाला प्रश्न, असं त्यांना वाटतं. “घरात माणसं सगळ्यात जास्त कुठे पडतात?” असं विचारून बघा. सगळा हॉल एका सुरात “बाथरूम!” म्हणेल. उत्तर बरोबर की चूक हा भाग सोडा. त्यांच्या लेखी तुमचं व्याख्यान तिथेच संपलं, कारण विचारलेलं त्यांना आधीच येत होतं. दुसरा प्रकार हात वर करायला लावण्याचा. “शेवटपर्यंत स्वतःच्या पायावर चालावं असं कुणाकुणाला वाटतं?” याला हात वर न करणारा माणूस दाखवा. असा प्रश्न ऐकला की माणसं ओळखतात, की आता आपल्याला काहीतरी विकलं जाणार. या शहरात वसंत व्याख्यानमाला १८७५ पासून चालत आलेली आहे. तुमच्यासमोर बसलेल्यांनी चाळीस-पन्नास वर्षं भाषणं ऐकलेली असतात आणि वक्त्याची हातचलाखी ते तुमच्याआधी पकडतात.

तिसरा प्रकार मात्र चालतो. ज्याचं उत्तर ऐकणाऱ्याकडेच आहे, पण त्याने आजवर ते कधी पाहिलेलं नाही, असा प्रश्न. म्हणजे आठवणीचा. “आज सकाळी पायजमा घालताना तुम्ही उभे होतात की बसला होतात?” हा विचारला की माणूस तुमच्याकडे बघत नाही. क्षणभर आपल्या बेडरूममध्ये जाऊन येतो. त्याला हात वर करायला लावू नका, मनातल्या मनात उत्तर देऊ दे. पडण्या-झडण्याबद्दल चारचौघांत कबुली द्यायला कुणालाच आवडत नाही, आणि हात वर झाले की माणसं खरं सांगायच्या ऐवजी शेजाऱ्याचा हात बघून ठरवतात.

या प्रश्नात दोन खोट्या आहेत. एक म्हणजे तो अर्ध्या हॉलला सोडून देतो. संघात बायका निम्म्या तरी असतात, त्यातल्या बऱ्याच साडी नेसणाऱ्या. साडी नेसताना पाय जमिनीवरच असतात, तेव्हा त्यांना वाटणार की हे आपल्यासाठी नाही. ‘सलवार’ शब्द जोडून थोडी भर पडते, पण पुरती नाही. आणि एखादे आजोबा मोठ्याने म्हणणार, “मी धोतर नेसतो!” अशा वेळी गोंधळू नका, ते हसू तुमच्याच खात्यात जमा करा: “मग तुम्ही सुटलात काका, धोतर नेसताना दोन्ही पाय जमिनीवर असतात.” विषय तिथेच निम्मा सांगून झाला. दुसरी खोट जास्त महत्त्वाची. सकाळ होऊन आता दहा तास लोटले आहेत. इतक्या किरकोळ कृतीची आठवण एवढा वेळ टिकत नाही, आणि आठवत नसलं की माणूस स्वतःला सोयीचं तेच खरं धरतो.

म्हणून मी शोधेन ती कृती अशी हवी की हॉलमधल्या प्रत्येकाने केलेली, आणि नुकतीच केलेली. ती त्यांनी दाराशी केलेली असते. चपला काढल्या.

संघाच्या कार्यवाहांना आधी फोन करून एवढं विचारून घ्या की हॉलमध्ये चपला बाहेर काढतात का. देवळाच्या सभागृहात किंवा सतरंजी-खुर्च्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये बहुधा काढतात. काढत नसतील तर पायजम्याचाच प्रश्न, सलवारीसकट, वापरा आणि पुढचं सगळं विसरा. काढत असतील तर कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी जा आणि दाराच्या आतल्या बाजूला, कुणाची वाट पाहिल्यासारख्या उभ्या राहा. मोजायचं ते दोनच. पट्टा किंवा बंद सोडवायला किती जणांनी एक पाय उचलला, आणि त्यातल्या किती जणांनी तेव्हा भिंत, चौकट किंवा शेजाऱ्याचा खांदा धरला. नुसती सरकवून काढायची चप्पल असेल तर पाय उचलावा लागतच नाही, ते सोडून द्या. हातात काठी असेल त्यांनाही मोजू नका आणि त्यांच्याकडे टक लावून बघू नका. कुणी खरंच अडखळलं तर त्यांना हात द्या आणि ती गोष्ट भाषणात कधीही आणू नका. मोबाइलवर मोजायला गेलात तर फोटो काढताय असं वाटेल. मी एका हाताच्या पेरांवर एक आणि दुसऱ्यावर दुसरा आकडा मोजतो, जपाची सवय असलेल्यांना हे सोपं जातं.

आता हे सुरुवातीत कसं उतरेल ते पूर्ण लिहून दाखवतो. यातले आकडे नमुन्याचे आहेत, तुम्ही मोजाल ते घाला.

“नमस्कार. मी आज जरा लवकरच आले. मघापासून त्या दाराशी उभी होते. तुम्ही चपला काढून आत येत होतात, आणि मी मोजत होते. तेवीस जणांनी पट्टा सोडवायला एक पाय उचलला. त्यातल्या सतरा जणांनी तेव्हा भिंतीला हात लावला, नाहीतर शेजाऱ्याचा खांदा धरला. तुम्ही काय धरलं होतंत, आठवतंय? … बऱ्याच जणांना आठवणार नाही. हाताने विचारलंच नाही तुम्हाला. पाय उचलला की काहीतरी धरायचं, हे त्याला ठाऊक आहे. पण घरी सकाळी पायजमा घालताना, सलवार घालताना, मोजे चढवताना दोन्ही हात कपड्यात गुंतलेले असतात, आणि पाय तेव्हाही एकच जमिनीवर असतो. भिंत धरायला तिसरा हात आणायचा कुठून, ते सांगायला मी आले आहे.”

थांबे धरून हे मिनिटभरात होतं. यात आकडा आला आहे, पण तो याच हॉलचा आहे आणि त्याला कुणी खोटं म्हणू शकत नाही. प्रश्न आला आहे, आणि त्याचं उत्तर दहा मिनिटांपूर्वीचं आहे. आणि सगळ्यात शेवटचं वाक्य नीट बघा, कारण माझ्या मते सगळी भिस्त त्याच्यावर आहे. त्याला मी सांधा म्हणतो. लोक सुरुवात छान करतात आणि मग म्हणतात, “तर, आता आपण आपल्या विषयाकडे वळू.” म्हणजे आतापर्यंतचं विषयाबाहेरचं होतं, हे त्यांनी स्वतःच कबूल केलं. सांध्याच्या वाक्यात सुरुवातीतलाच एक शब्द पुढच्या पंचवीस मिनिटांचं नाव झाला पाहिजे. इथे तो ‘तिसरा हात’ आहे. मग खुर्ची हा तिसरा हात, बाथरूममधली दांडी हा तिसरा हात, रात्रीचा छोटा दिवा हा लांबचा तिसरा हात, मांडीचे स्नायू हा अंगातच असलेला तिसरा हात. प्रत्येक मुद्द्यापाशी हा शब्द एकदा म्हणायचा, दोनदा नाही. सुरुवात चांगली झाली की नुसती गंमत झाली, हे तपासायचं असेल तर ती काढून टाकून उरलेलं भाषण वाचा. काहीच अडलं नाही, तर ती सुरुवात तिथे उपरी होती.

मोजणी उलटी निघाली तर? समजा तेवीसपैकी चौघांनीच काही धरलं. मग वाक्य फिरवा: “एकोणीस जणांनी कशालाच हात लावला नाही. त्या क्षणी मागून कुणाचा धक्का लागला असता, तर तुमचा हात कुठे गेला असता?” सांधा तोच राहतो. पण पाय उचलणारेच पाच-सहा निघाले, पावसामुळे बाकी सगळे स्लिपरवर आले, तर मोजणी गुपचूप सोडा आणि पायजम्यावर या. आकडा फुगवू नका. दाराशी कोण कसं आत आलं हे त्यांनीही पाहिलेलं असतं.

यावरून माझी एक फजिती सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका सभेत मला संकटकाळच्या निर्णयांबद्दल बोलायचं होतं. पुण्यात बोलायचं तर पानशेतपेक्षा चांगली सुरुवात कोणती, म्हणून मी आवाज खाली आणून म्हणालो, “१२ जुलै १९६१. त्या काळरात्री…” दुसऱ्या रांगेतले एक गृहस्थ उठूनच उभे राहिले. “काळरात्र कसली? दिवसाढवळ्या पाणी आलं. मी पुलाशी उभा राहून बघत होतो.” ते शंभर टक्के बरोबर होते. पानशेत आणि मग खडकवासला फुटलं आणि शहरात पाणी शिरलं ते भर दिवसा. ‘रात्र’ हा शब्द मला फक्त नाट्यमय वाटला म्हणून तोंडात आला होता. पुढची चाळीस मिनिटं मी जे काही बोललो ते लोकांनी तपासणीला आलेल्या हिशेबासारखं ऐकलं. तेव्हापासून मी एक पथ्य पाळतो: ज्या घटनेचा साक्षीदार समोर बसलेला असू शकतो, त्या घटनेने सुरुवात करायची तर प्रत्येक विशेषण तपासून घ्यायचं. ज्येष्ठ नागरिक संघात तर साक्षीदार असतातच.

मान्यवरांच्या नावांचं. घ्यायला हवीतच, नाही घेतली तर माणसं दुखावतात. पण पहिल्या मिनिटात सहा नावं म्हणजे सभेला दिलेली विश्रांती असते. मी असं करतो: “नमस्कार”नंतर नुसती पदं, “अध्यक्ष, कार्यवाह आणि उपस्थित मंडळी”, तीन सेकंदांत, आणि थेट सुरुवात. सांध्याचं वाक्य बोलून झालं की एक श्वास घेऊन नावं घ्या: “हे सांगायची संधी मला ज्यांनी दिली ते…” तोवर कान तुमच्याकडे लागलेले असतात, त्यामुळे नावंही नीट ऐकली जातात आणि त्या मंडळींनाही बरं वाटतं. कुणी म्हणेल, आपल्याकडे आधी नमन असतं. असतं की. नारदीय कीर्तनातही आधी नमन, मग पूर्वरंगात निरूपण आणि आख्यान थेट उत्तररंगात. पण बुवांनी निरूपणाला घेतलेला अभंग सुरुवातीलाच कानावर घातलेला असतो आणि आख्यान संपवताना ते परत त्याच्याकडेच येतात. तुमचा ‘तिसरा हात’ हा तो अभंग समजा.

एका गोष्टीची आगाऊ चौकशी जरूर करा. संघाच्या मासिक सभेत तुमच्याआधी काय काय असतं? प्रार्थना असते, महिन्याचे वाढदिवस असतात, आणि पुष्कळदा गेलेल्या सभासदांना श्रद्धांजली असते. दोन मिनिटं उभं राहून, मौन पाळून लोक नुकतेच खाली बसले आहेत आणि तुम्ही खेळकर आवाजात “मी मोजत होते!” म्हणालात, तर ते टोचेल. तसं असेल तर कार्यवाहांनाच विनंती करा की मध्ये वाढदिवस घ्या, मग मला बोलवा. ते जमलं नाही तर तीच वाक्यं हळू, सपाट आवाजात बोला, मजकूर तोच चालतो. आणि ओळख करून देणाऱ्याला तीन ओळी लिहून द्या. नाहीतर तो उत्साहाच्या भरात सांगून टाकेल, “आज मॅडम आपल्याला कपडे बसून घाला असं सांगणार आहेत,” आणि तुमची दाराशी केलेली सगळी मोजणी पाण्यात जाईल. हे माझ्या एका विद्यार्थिनीचं प्रत्यक्ष झालेलं आहे.

बोलण्याच्या बाबतीत या सभेपुरत्या दोन गोष्टी. उतारवयात ऐकू येणं कमी होतं तेव्हा आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. स, श, फ, थ अशी अक्षरं पुसट होतात, आणि नवा आवाज कानात बसायला एक-दोन वाक्यं लागतात. त्यामुळे पहिल्या वाक्यात महत्त्वाचं काहीच ठेवायचं नाही. वरच्या मसुद्यात “मी आज जरा लवकरच आले” हे वाक्य हुकलं तरी कुणाचं काही बिघडत नाही, ते मुद्दाम तसं आहे. “सतरा” हा शब्द मात्र हुकता कामा नये, म्हणून त्याच्याआधी किंचित थांबा आणि तो वाक्याच्या शेवटाकडे विरू देऊ नका. “माझा आवाज येतोय का?” हे सभा भरायच्या आधी, रिकाम्या हॉलमध्ये विचारून घ्या. पंखे पूर्ण वेगात असतील तर एक-दोन कमी करायला सांगा.

दुसरी गोष्ट प्रश्नानंतरच्या शांततेची. “आठवतंय?” म्हटल्यावर मनात चार अंक मोजायचे. तुम्हाला ते फार लांब वाटतील आणि दुसऱ्या अंकालाच तुम्ही उत्तर देऊन टाकाल. सगळेच देतात. माझ्याकडे येणाऱ्यांना मी त्या वेळात हळूच एक पाऊल बाजूला टाकायला लावतो. हात-पायाला काम मिळालं की जीभ गप्प बसते. हा सगळा मजकूर पाठ हवा, कागदावर बघून “तुम्ही काय धरलं होतंत?” असं विचारता येत नाही. बाकीचं भाषण मुद्द्यांच्या चिठ्ठीवरून चालेल.

जमलं की नाही, हे त्या चार सेकंदांतच कळतं. कुणी दाराकडे वळून बघतं, कुणाचा हात नकळत हवेत भिंत धरल्यासारखा उचलला जातो, नवरा-बायको एकमेकांना कोपर मारतात. अशी चुळबूळ झाली की समजा, माणसं स्वतःचं काहीतरी तपासताहेत. उलट सगळे तुमच्याकडे बघून गोड हसताहेत, तर ते सौजन्य आहे. तेव्हा “नाही समजलं का? मी असं म्हणत होते की…” करून सुरुवात उलगडून सांगू नका. सांध्याचं वाक्य बोला आणि सरळ पहिल्या मुद्द्यावर जा. फसलेली सुरुवात लोक विसरतात, तिचं स्पष्टीकरण विसरत नाहीत.

आणि एक सक्त मनाई. “चला, सगळ्यांनी उभं राहून एक पाय उचला बघू” ही सुरुवात तुमच्या विषयावर पुष्कळांना सुचते. फिजिओथेरपिस्ट म्हणून तुम्हाला वेगळं सांगायला नको, की साठ-सत्तर माणसं, मध्ये घडीच्या खुर्च्या, धरायला काही नाही, आणि तुम्ही दूर माइकपाशी. पडण्याविषयीच्या भाषणात एखादी काकू पडल्या तर पुढे बोलायला काही उरत नाही. करून दाखवायचं असेल तर तुम्ही स्वतः, खुर्चीवर बसून, पायजम्याचा एक पाय चढवून दाखवा. लोक हसतील, आणि ते हसणं चालेल.

शेवटाची तयारी मात्र आधीच करून ठेवा. सभा सुरू झाली की कार्यवाहांना सांगून दाराबाहेर, चपलांच्या रॅकजवळ, हात असलेल्या दोन खुर्च्या ठेवायला लावा. शेवटच्या मिनिटाला तुम्ही एवढंच म्हणायचं: “बाहेर दोन तिसरे हात ठेवले आहेत.” चहा होईल, मंडळी निघतील, आणि त्याच दाराशी त्याच चपला पुन्हा घालतील. तुम्ही मघाच्याच जागी जाऊन उभ्या राहा आणि पुन्हा मोजा, या वेळी किती जण बसले ते.